लेटर की लॅटर? शॉर्टहँडच्या नोट्स टाइप करताना कुठे थांबायचं

शॉर्टहँड शिकलेल्या माणसाला लोक हमखास एक प्रश्न विचारतात, "इतक्या वेगानं लिहिता कसं?" खरं तर लिहिणं हा कामाचा सोपा अर्धा भाग आहे. अवघड भाग नंतर येतो. साहेब डिक्टेशन संपवून निघून गेलेले असतात, समोर वहीत बारीक रेघा, आकड्या आणि टिंबं असतात, आणि त्यातून पूर्ण, छापता येण्याजोगी वाक्यं बाहेर काढायची असतात. त्या रेघांपैकी काही रेघा दोन तऱ्हांनी वाचता येतात. कोणत्या वाचता येतात, त्यातल्या कोणत्यांवर खूण करून विचारायचं आणि कोणत्या गुपचूप सोडवायच्या, हे ज्याला कळलं त्याच्या हातचा टाइप केलेला कागद लोक डोळे मिटून सही करतात. (तसं करू नये, पण करतात.)

महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांमध्ये इंग्रजी डिक्टेशनसाठी बहुतेक ठिकाणी पिटमनची पद्धत चालते. आयझॅक पिटमन यांनी ती 1837 साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध केली. मी इथे तिच्याबद्दलच बोलतो, कारण माझं आयुष्य तिच्यात गेलं.

पिटमन स्पेलिंग लिहीत नाही, आवाज लिहिते. प्रत्येक व्यंजनाला एक रेघ. 'प' ची रेघ तिरकी आणि हलकी, 'ब' ची तशीच पण ठसठशीत. 'ट' उभी हलकी, 'ड' उभी जाड. एका शब्दातली व्यंजनं हात न उचलता एकाला एक जोडली की जी आकृती तयार होते तिला आम्ही आउटलाइन म्हणतो. स्वर म्हणजे त्या आकृतीच्या कडेला द्यायची टिंबं आणि इवल्या रेघा. हलकं टिंब, जाड टिंब, हलकी रेघ, जाड रेघ. आणि त्या प्रत्येकाला व्यंजनाच्या रेघेच्या सुरुवातीला, मध्यावर किंवा शेवटाला जागा. म्हणजे कागदावर सगळी सोय आहे. पण मिनिटाला 100 शब्दांच्या वेगात कुणीही टिंबं देत बसत नाही. स्वर गाळले जातात आणि फक्त हाडं उरतात.

मराठीत हे करून बघा. 'प' आणि 'ळ' एवढंच लिहिलंय. पळ, पाळ, पोळी, पीळ, पाळी? वाक्य असेल तर कळेल. "तव्यावर प-ळ टाकली" म्हटलं की कुणी 'पाळी' वाचणार नाही. शॉर्टहँडचं वाचन हे असंच चालतं.

पिटमननं गाळलेल्या स्वरांची थोडी भरपाई जागेनं केलीये. शब्दातला पहिला स्वर कोणत्या गटातला आहे त्यावर आउटलाइन वहीच्या ओळीच्या वर लिहायची, ओळीवर टेकवून लिहायची, की ओळ छेदून लिहायची हे ठरतं. 'पॅट' वर, 'पेट' ओळीवर, 'पिट' ओळ छेदून. तिन्हींची व्यंजनं तीच, आकृती तीच. वाचणाऱ्याला फरक कळतो तो फक्त उंचीवरून. आणि एक साधी रेघ असते साधारण एक षष्ठांश इंचाची, म्हणजे 4 मिलिमीटरच्या आसपास. त्या उंचीत वर आणि 'टेकून' यांच्यातलं अंतर किती उरतं ते तुम्हीच बघा. बसमध्ये, गुडघ्यावर वही धरून, साहेब तावातावानं बोलत असताना लिहिलेलं असेल तर विचारायलाच नको.

जागेसारखाच दुसरा पुरावा म्हणजे लांबी. रेघ निम्मी केली की तिला 'ट' किंवा 'ड' चिकटला असं समजायचं. 'अप्रूव्ह' ची रेघ आखूड केली की 'अप्रूव्ड'. काही रेघा दुप्पट केल्या की शेवटी 'टर', 'डर' किंवा 'दर' असा आवाज जोडला जातो. एकटी 'ल' ची कमान दुप्पट लांब काढली की 'ल-टर'. आणि तिसरा पुरावा जाडी. शाळेतल्या पेन्सिलीनं हलकं-जाड करता यायचं. बॉलपेननं जवळजवळ करता येत नाही, जेल पेननं मुळीच नाही. म्हणून आमच्या पिढीतले लोक अजून टोकदार पेन्सिल वापरतात ते हौसेखातर नाही. वही वाचायला घेताना मी आधी ती कशानं लिहिलीये ते बघतो. बॉलपेननं लिहिली असेल तर प-ब, ट-ड, क-ग या जोड्यांवर जाडीचा पुरावा ग्राह्य धरायचा नाही, असं मनाशी ठरवून टाकायचं.

आता जागा, लांबी, जाडी असे तीन पुरावे आणि वाक्याचा संदर्भ हा चौथा. चारही एकाच बाजूला असतील तर शब्द पक्का. गोंधळ होतो तो पुरावे भांडतात तेव्हा, किंवा दोन्ही वाचनं वाक्यात तितकीच छान बसतात तेव्हा.

आणि इथे नवशिक्याची समजूत उलटी असते. त्याला वाटतं, जी आउटलाइन वाचता येत नाही ती धोकादायक. नाही हो. जी वाचता येत नाही तिथे तुम्ही थांबताच, जागा मोकळी सोडता, कुणाला तरी विचारता. धोकादायक ती, जी झटकन वाचली जाते, वाक्य सुरेख लागतं, आणि ते चुकीचं असतं. तिथे तुम्हाला शंकाच येत नाही.

एक घडलेलं सांगतो. पंचवीसेक वर्षं झाली असतील. पुण्याजवळच्या एका कारखान्याच्या ऑफिसात मी होतो. आमच्याकडच्या ज्येष्ठ स्टेनो बाई अचानक आजारी पडल्या आणि त्यांनी आदल्या संध्याकाळी घेतलेलं डिक्टेशन माझ्याकडे आलं. पुरवठादारांना जायचं पत्र होतं, दीड पानाचं. साहेब दुपारपर्यंत कामानिमित्त बाहेर. म्हणजे दुसऱ्याच्या हातच्या थंड नोट्स. स्वतःच्या नोट्स वाचताना निम्मं काम कान करतो, साहेबांचा आवाज अजून डोक्यात असतो. दुसऱ्याच्या वहीत तो आधार नाही. जे कागदावर आहे तेवढंच.

अशा वेळी मी लगेच टाइप करायला बसत नाही. आधी अख्खं वाचून काढतो, पेन्सिल हातात न घेता. दोन गोष्टी कळतात. विषय काय आहे ते कळतं, आणि त्या हाताच्या सवयी कळतात. बाईंच्या वहीत खाली कोपऱ्यात तारीख होती, डाव्या समासात साहेबांनी मागाहून सांगितलेले फेरफार होते, आणि जिथे त्यांना स्वतःलाच पुढे अडेल असं वाटलं तिथे त्यांनी स्वर दिले होते. हे फार महत्त्वाचं. वेगात असतानाही लिहिणाऱ्यानं टिंब दिलं असेल तर त्यानं ते मुद्दाम दिलंय. ते टिंब म्हणजे मागे ठेवलेली चिठ्ठी आहे, तिचं ऐकायचं.

पत्रात चार ठिकाणी मी अडलो.

पहिलं, 'कमिटी हॅज अप्रूव्ड' की 'अप्रूव्ह'. रेघ ना धड पूर्ण, ना धड निम्मी. पण आधी 'हॅज' स्पष्ट होतं, म्हणून व्याकरणच सांगत होतं की 'अप्रूव्ड'. खूण करायची गरज नाही. हेच 'वुई अप्रूव्ह' की 'वुई अप्रूव्ड' असतं, म्हणजे आम्ही मंजूर करत आहोत की केलं होतं, तर व्याकरणानं हात वर केले असते आणि मला खूण करावी लागली असती. आउटलाइन तीच, पण शेजारी बदलला की तिचा दर्जा बदलतो.

दुसरं, 'अडॅप्ट' की 'अडॉप्ट'. ही आमच्या धंद्यातली जुनी डोकेदुखी. दोन्हींत ड, प, ट. दोन्हींत पहिला स्वर तोच, म्हणून दोन्ही ओळीच्या वर. जागा, लांबी, जाडी, काहीच मदत करत नाही. फरक आहे तो फक्त दुसऱ्या स्वरात. 'ड' च्या उभ्या रेघेच्या उजव्या बाजूला वरच्या टोकाशी हलकं टिंब असेल तर 'अडॅप्ट', इवलीशी रेघ असेल तर 'अडॉप्ट'. आमचे सर सांगायचे, जेवण विसरलात तरी चालेल, इथला स्वर विसरू नका. बाईंनी तो दिला नव्हता. वाक्य होतं, नवीन तपासणी पद्धत पुरवठादारांनी अमुक तारखेपर्यंत 'अड-प्ट' करावी. जशीच्या तशी स्वीकारावी, की आपल्या यंत्रांप्रमाणे जुळवून घ्यावी? दोन्ही अर्थ झकास बसतात, आणि पुरवठादाराच्या दृष्टीनं दोन्हींत पैशाचा फरक आहे. खूण. पण याच पत्रात 'ताळेबंद अडॉप्ट करणे' असं आलं असतं तर मी डोळे झाकून 'अडॉप्ट' टाइप केलं असतं, कारण वार्षिक सभेत हिशेब 'अडॉप्ट'च होतात. कुणी ते 'अडॅप्ट' करत असेल तर प्रकरण वेगळंच म्हणायचं.

तिसरं नाव. 'मिस्टर प-ट-ल'. पाटील की पटेल? दोघांचा पहिला स्वर पहिल्याच जागेचा, त्यामुळे दोघेही ओळीच्या वर. इंग्रजी शॉर्टहँडला आपली आडनावं कळत नाहीत. नावांच्या बाबतीत माझा नियम सरळ आहे, संदर्भावर विश्वास ठेवायचा नाही. "आमच्याकडे पाटीलच येतात" हा पुरावा नव्हे. फाइल काढली, त्या पुरवठादाराच्या आधीच्या पत्रावर सही बघितली, पटेल निघाले. फाइलमधून सुटलेल्या शंकेवर साहेबांचा वेळ घालवायचा नाही. फक्त माझ्या वहीत नोंद, कुठून ताडून पाहिलं त्याची.

चौथ्यापाशी मात्र मी अर्धा तास घालवला. पत्रात वर दोन कागदांचा उल्लेख होता. आमचं 12 तारखेचं पत्र, आणि त्यानंतर काढलेलं 30 तारखेचं परिपत्रक. पुढे वाक्य येतं, दोहोंत फरक आढळला तर 'द ल-टर' ग्राह्य धरावं.

दुप्पट लांबीची 'ल' ची कमान. ओळीवर टेकलेली असेल तर 'लेटर', म्हणजे पत्र. ओळीच्या वर असेल तर 'लॅटर', म्हणजे दोहोंपैकी दुसरं, म्हणजेच परिपत्रक. (ओळीवर टेकलेली 'ले-टर' म्हणजे 'नंतर' या अर्थाचा शब्दही होऊ शकतो, पण तो या वाक्यात बसत नाही, तेवढी एक कटकट वाचली.) म्हणजे एका मिलिमीटरच्या उंचीनं वाक्याचा अर्थ उलटा होतो. एका वाचनात पत्र वरचढ, दुसऱ्या वाचनात परिपत्रक. आणि दोन्ही वाक्यं व्याकरणानं, कायद्यानं, व्यवहारानं अगदी बरोबर. संदर्भ इथे मदत करत नाही, उलट फसवतो: नुकताच 'पत्र' हा शब्द वाचून आलेला डोळा बिनदिक्कत 'लेटर' वाचतो आणि पुढे जातो. मी पहिल्या वाचनात तेच केलं होतं.

बाईंची रेघ होती अर्धवट. धड टेकलेली नाही, धड उचललेली नाही. अशा वेळी नियमाच्या पुस्तकातली उंची मोजून उपयोग नाही, त्या माणसाच्या हाताची उंची मोजायची. मी त्याच पानावर त्यांचा नक्की ओळखता येणारा 'लेटर' शोधला. चार ओळी वर होता, 'आवर लेटर ऑफ' मधला. तो ओळीवर नीट बसला होता. मग ओळीच्या वर लिहायचेच असे त्यांचे चार-पाच शब्द बघितले. ते चांगले उंच होते. पण पानाच्या शेवटच्या पाच ओळींत सगळंच थोडं वर सरकत गेलं होतं, ओळीवर टेकायला हवेत असे शब्दसुद्धा. पानाच्या तळाशी हात टेकायला जागा उरत नाही, मनगट उचललं जातं, अक्षर वर चढतं. म्हणजे आमची रेघ थोडी वर होती याचा अर्थ 'लॅटर' असेलच असं नाही. तळाशी असल्यामुळे वर सरकलेला 'लेटर'ही असू शकेल. माझा कौल 'लॅटर'कडे साठ-चाळीस. साठ-चाळीसवर पुरवठादाराला पत्र पाठवत नाहीत.

मग खूण कशी करायची? मसुद्यात त्या जागी मी दोन्ही शब्द चौकोनी कंसात टाइप करतो, मला जास्त शक्य वाटणारा आधी. त्याच कंसात वहीचं पान आणि ओळ, आणि शंका कशाची आहे ते एका शब्दात: जागा, लांबी, स्वर, किंवा नाव. कंसाच्या आधी `##` अशी खूण. ही दोन चिन्हं मुद्दाम, कारण ती पत्रात एरवी कधी येत नाहीत. शेवटची प्रत काढण्याआधी संगणकावर `##` शोधायचं. एकही सापडलं नाही तरच छापायचं. नुसतं प्रश्नचिन्ह लावणारे असतात, त्यांचं एखादं प्रश्नचिन्ह छापून जातंच. शब्दाखाली पेन्सिलनं रेघ मारणारेही असतात. त्यांना तीन दिवसांनी विचारा, दुसरा शब्द कोणता होता, तर आठवत नाही. दुसरं वाचन लिहून ठेवलं नाही तर त्या खुणेला अर्थ नाही.

जी आउटलाइन मुळात लागतच नाही तिची खूण वेगळी. तिथे मी शब्द सुचवत नाही. कंसात 'लागत नाही' एवढं, आणि जितकी व्यंजनं खात्रीनं दिसतात तेवढी. कारण समोर एखादा शब्द छापलेला दिसला की साहेब "हो हो, हाच" म्हणतात. माणसाचा स्वभाव आहे. त्यामुळे विचारतानाही मी कधी "लॅटर ना, सर?" असं विचारत नाही. दोन्ही वाक्यं वाचून दाखवतो, सारख्याच आवाजात, आणि गप्प बसतो.

किती खुणा करायच्या यालाही मर्यादा आहे. दीड पानात वीस खुणा आल्या तर साहेब एकही वाचणार नाहीत, आणि पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला बोलावतील. माझ्यापुरतं मी असं ठरवलंय, की दोन्ही वाचनं वाक्यात बसतात आणि दोन्हींमुळे वाचणाऱ्यानं करायची गोष्ट बदलते, तरच खूण. नुसता अर्थाचा रंग बदलत असेल तर मी निवड करतो आणि जबाबदारी घेतो. तीन गोष्टी मात्र फाइलमधून सुटल्या नाहीत तर कितीही खात्री वाटली तरी ताडून घ्यायच्याच: नाव, आकडा आणि नकार. आकडा आम्ही बहुधा आकड्यातच लिहितो, पण शंभरासाठी 'न' ची आणि हजारासाठी 'थ' ची रेघ जोडतो. घाईत शेजारच्या शब्दाची रेघ त्याला चिकटली की रक्कम शंभरपट, नाही तर हजारपट होते. आणि इंग्रजीतला 'नॉट' वेगात वेगळा लिहिला जात नाही. आधीच्या शब्दाची रेघ निम्मी करायची आणि तिच्या टोकाला एक बारीक आकडी काढायची, झाला नकार. ती आकडी शाईनं भरली किंवा पेन निसटलं की 'आर नॉट'चं 'आर' होतं. म्हणून रेघेची लांबी आणि आकडी असे दोन्ही पुरावे बघायचे. एकानं होय म्हटलं आणि दुसऱ्यानं नाही, तर लगेच कंस.

काही जोड्यांचा बंदोबस्त पिटमनवाल्यांनी आधीच करून ठेवलाय. 'पर्मनंट' आणि 'प्रॉमिनंट' यांची व्यंजनं सारखी, पण एकात 'प' आणि 'र' वेगवेगळ्या रेघांनी लिहायचे, दुसऱ्यात 'प' च्या रेघेलाच 'र' ची आकडी लावायची. 'पर्सिक्यूट' आणि 'प्रॉसिक्यूट' यांचंही तसंच. या जोड्या पाठ असलेल्या माणसाच्या नोट्स वाचायला मिळाल्या तर निम्मं काम झालं समजा. पाठ नसलेल्याच्या वहीत 'पर्मनंट' स्वच्छ लिहिलेला दिसला तरी मी एकदा थबकतो.

परीक्षेत यातलं काही चालत नाही, हे मला नेहमी गमतीचं वाटतं. केंद्र सरकारच्या स्टेनोग्राफर ग्रेड 'डी' च्या चाचणीत 10 मिनिटं 80 च्या वेगानं इंग्रजी डिक्टेशन आणि ते टाइप करायला 50 मिनिटं. म्हणजे 800 शब्द, आणि प्रत्येक ठिकाणी एकच शब्द द्यायचा. "दोन शक्यता आहेत" असं लिहून मार्क मिळत नाहीत. त्यामुळे मुलं ठोकून एक शब्द टाकायची सवय लावून घेतात, आणि नोकरीत आल्यावर ती सवय काढायला वर्ष जातं.

त्या दिवशी तीनच्या सुमाराला साहेब आले. माझ्या मसुद्यात दोन खुणा होत्या. 'अड-प्ट' ची दोन्ही वाक्यं ऐकून ते लगेच म्हणाले, "जशीच्या तशी घ्यायची, म्हणजे अडॉप्ट." दुसरी वाक्यं वाचून दाखवली. ते थांबले. मग म्हणाले, "म्हटलं तर मी लॅटर होतं. पण तुला जर दोन्ही बरोबर वाटलं, तर कानानं ऐकणाऱ्या पुरवठादारालाही वाटेल. लॅटर काढ, सरळ 'परिपत्रक' लिही." तसं केलं.

आठवड्यानं बाई परत आल्या. मी वही समोर धरली आणि काही न सांगता त्या रेघेवर बोट ठेवलं. एक सेकंदही लागला नाही. "लॅटर," म्हणाल्या, "दिसत नाही का?" मग त्यांनीच वही जवळ ओढली, चष्मा वर सरकवला, जरा वेळ बघितलं, आणि ड्रॉवरमधून पेन्सिल काढून त्या रेघेच्या सुरुवातीपाशी एक हलकं टिंब दिलं.